ट्रेलर बघणाऱ्यांचे चेहरे मोजले, १:०९ ला 'दुःख' आलं. हे प्रकल्पात लिहू का?

सायली_क
नमस्कार मंडळी. मी पुण्यात मीडिया स्टडीजच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा प्रकल्प रिअॅक्शन व्हिडिओंवर आहे. एका मराठी चित्रपटाचा २ मिनिटं १४ सेकंदांचा ट्रेलर आहे आणि तो बघतानाचे ३८ जणांचे व्हिडिओ मी जमवलेत. चेहऱ्यावरून भावना सांगणारी DeepFace ही पायथन लायब्ररी वापरून दर अर्ध्या सेकंदाला एक चौकट तपासली. सगळ्यांचा वेळ ट्रेलरच्या आवाजावरून जुळवला आणि जिथे लोकांनी ट्रेलर थांबवून बडबड केली तो भाग कापला.

१:०९ ला आजी रिकाम्या गोठ्यात उभी राहते, तीन सेकंद तिचा चेहरा जवळून दिसतो. तिथे 'sad' ची सरासरी ११ वरून थेट ४६ वर जाते. इतकं स्वच्छ शिखर संपूर्ण आलेखात दुसरं नाही. मार्गदर्शक सर खूश आहेत. मला वाक्य असं लिहायचंय: 'या प्रसंगाने प्रेक्षकांमध्ये दुःखाची भावना निर्माण केली.' हे चालेल का, की आकडेवारीची एखादी चाचणी लावावी लागेल?

निखिल_बाणेर
चालायला हरकत नाही. एकट्या चौकटीवर मॉडेल चुकतं, पण ३८ जणांची सरासरी घेतली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. हेच तर सरासरीचं काम. अजून नवं मॉडेल घेतलंस तर शिखर आणखी धारदार येईल.

सोसायटी_सेक्रेटरी
आमच्या सोसायटीतही गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवायचं चाललंय. रहिवाशांची परवानगी लेखी घ्यावी लागते का? इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो.

माधवी_औंध
सेक्रेटरीसाहेब, तुमचा कॅमेरा 'हा कोण' ते सांगतो. इथला प्रश्न 'याला काय वाटतंय' असा आहे, तो वेगळा. तुम्ही स्वतंत्र धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

सायली, चाचणी नंतर बघू. आधी मला सांग, या व्हिडिओंची मांडणी कशी आहे? ट्रेलर मोठा आणि माणूस कोपऱ्यात छोटा, की उलट? आणि कोडमधल्या त्या दोन ओळी इथे टाक.

सायली_क
बहुतेकांत ट्रेलर मोठा आणि माणूस उजव्या कोपऱ्यात खाली. ओळी या:

```python
r = DeepFace.analyze(frame, actions=["emotion"],
                     enforce_detection=False)
sad.append(r[0]["emotion"]["sad"])
```

माधवी_औंध
मला वाटलंच होतं. `analyze` चौकटीत सापडलेल्या प्रत्येक चेहऱ्याची नोंद यादीत देतं. तू त्यातली पहिली, `r[0]`, उचललीस. १:०९ ला पडद्यावर दोन चेहरे आहेत, कोपऱ्यातला बघणारा आणि ट्रेलरमधली आजी. तू कुणाचं दुःख मोजलंस ते तुला माहीत नाही.

शिखर संशयास्पद वाटायचं कारण तुझ्याच पोस्टमध्ये आहे. ३८ वेगवेगळी माणसं एकाच अर्ध्या सेकंदात दुःखी होत नाहीत. कुणी लवकर, कुणी उशिरा, कुणी दृश्य संपल्यावर. माणसांचा आलेख टेकडीसारखा पसरतो, तुझा खांबासारखा उभा राहिलाय. खांब दिसला की समजायचं, सगळ्या व्हिडिओंत सारखी असलेली एखादी गोष्ट मोजली जातेय. आणि सगळ्यांत सारखा आहे तो ट्रेलर.

दुसरं, `enforce_detection=False` ठेवलं आणि चेहरा सापडलाच नाही, तर लायब्ररी संपूर्ण चौकटच चेहरा समजून तिला भावना देते. ट्रेलरमधलं नुसतं माळरान असलं तरी त्याला काहीतरी टक्के 'sad' मिळतात. हे छापून बघ:

```python
for f in r:
    print(t, f["region"]["x"], f["region"]["w"],
          f["face_confidence"])
```

x म्हणजे चेहऱ्याची चौकट डावीकडून किती पिक्सेलवर सुरू होते. माणूस कोपऱ्यात बसलेला असताना x ने एकदम पडद्याच्या मध्यावर उडी मारली तर तो माणूस नव्हे. आणि `face_confidence` शून्य आला तर तिथे चेहराच नाही.

निखिल_बाणेर
हे मान्य, हा कोडमधला दोष झाला. कोपरा कापून दे, प्रश्न मिटला. मग सरासरीचा माझा मुद्दा लागू होतो.

प्रकाशयोजना
मी तीस वर्षं नाटकांना प्रकाश दिलाय. प्रयोग चालू असताना मी रंगमंच जितका बघतो तितकाच प्रेक्षागृहाचा अंधार ऐकतो. तुमच्या त्या आजीसारख्या प्रसंगाला प्रेक्षकांचे चेहरे रडवेले होत नाहीत हो. ते थांबतात. खोकला थांबतो, पुडीची कुरकुर थांबते, वळून शेजारच्याशी बोलणं थांबतं. ती शांतता हाच सगळ्यात मोठा प्रतिसाद. तुमचं यंत्र त्याला काय नाव देतं?

माधवी_औंध
'neutral' देतं, काका. त्याला दुसरं नावच नाही. या मॉडेलकडे सात खाने आहेत: angry, disgust, fear, happy, sad, surprise, neutral. कुठलाही चेहरा द्या, ते शंभर टक्के या सातांत वाटून टाकतं. 'मला कळलं नाही' असा आठवा खाना नाही. श्वास रोखून बघणं, गुंग होणं, गलबलणं, यांना जागाच नाही. म्हणून सायलीला '४६ टक्के sad' दिसतं त्याचा अर्थ माणूस ४६ टक्के दुःखी असा नाही. या चित्राला सातांतलं एक लेबल द्यायचंच झालं तर मॉडेल 'sad' कडे किती झुकतं, एवढंच तो आकडा सांगतो.

आणि हे झुकणं शिकलं कुठून? DeepFace चं भावनांचं मॉडेल FER2013 या चित्रसंचावर शिकलंय. त्यात सुमारे ३५,९०० चित्रं आहेत, प्रत्येक ४८ बाय ४८ पिक्सेल, कृष्णधवल. ती इंटरनेटवर शब्द टाकून शोधून जमवलेली. म्हणजे कुणीतरी 'sad' असं नाव दिलेल्या फोटोसारखा चेहरा म्हणजे sad. फोटोतल्या माणसाला काय वाटत होतं ते कुणी विचारलेलं नाही. त्या चित्रांना लेबल द्यायला माणसांना बसवलं तेव्हा तीही सुमारे ६५ टक्केच जुळली.

निखिल, म्हणूनच तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर सरासरीने जातात. सगळ्या एकाच दिशेला असतील तर सरासरी त्यांना उलट पक्कं करते. आजीचा चेहरा ३८ वेळा मोजलास तर सरासरीने आजीच जास्त स्वच्छ दिसणार.

वृंदा_सदाशिव
मला तंत्रातलं काही कळत नाही, पण लिहावंसं वाटलं. माझ्या बाबांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. चेहरा आता जवळजवळ हलत नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांना बालगंधर्वला प्रयोगाला नेलं होतं. शेजारच्या बाई मध्यंतरात मला हळूच म्हणाल्या, 'त्यांना कंटाळा आलेला दिसतोय, घरी न्या.' रात्री घरी आल्यावर बाबांनी दुसऱ्या अंकातला बापलेकाचा प्रसंग वाक्यावाक्याने सांगितला आणि सांगताना आवाज दाटून आला. चेहरा तसाच होता. शेजारच्या बाईंसारखंच यंत्रही म्हणेल, यांना काही वाटलं नाही. याचा मला त्रास होतो.

माधवी_औंध
वृंदाताई, तुम्ही मुद्द्याच्या अगदी गाभ्यावर बोट ठेवलंत. आणि हे आजारापुरतंही नाही. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार सहकाऱ्यांनी या विषयावरचं उपलब्ध संशोधन तपासून मोठा आढावा लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की रागात माणसं कपाळाला आठ्या घालतात हे योगायोगापेक्षा जास्त वेळा होतं, पण नेहमी नाही, बऱ्याचदा होतच नाही. आणि आठ्या तर राग नसतानाही पडतात. चेहऱ्यावरून भावनेकडे जाणारा रस्ता दोन्ही बाजूंनी सैल आहे.

सायली_क
दोन दिवस लागले, पण केलं. माधवीताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. ३८ पैकी २३ व्हिडिओंत १:०९ ते १:१२ दरम्यान x कोपऱ्यातून उडी मारून मध्यावर येतो. म्हणजे तेवीस जणांच्या नावावर मी आजीचंच दुःख लिहिलं होतं. आणखी चार ठिकाणी `face_confidence` शून्य, तिथे गोठ्याच्या भिंतीला भावना मिळाली होती. हे बघून खूप वाईट वाटलं, कारण हा आलेख मी वर्गात दाखवला होता.

मग प्रत्येक व्हिडिओचा कोपरा कापून पुन्हा चालवलं. ९ व्हिडिओ बाजूला काढावे लागले. काहींत चेहरा फारच लहान होता, काहींत तोंडापुढे मोठा माइक. उरले २९. आता १:०९ ला 'sad' ११ वरून १५ वर जातं, आणि तेही पसरट. मग मी २९ जणांचे ते पाच-सहा सेकंद एकेक करून डोळ्यांनी बघितले. त्यातले तीन सांगते.

एक मुलगा. यंत्र म्हणतं neutral ७१. चेहरा खरंच स्थिर. पण पाच सेकंदांनी तो ट्रेलर थांबवतो आणि म्हणतो, 'एक मिनिट, गळ्याशी आवंढा आला.'

एक ताई. यंत्र म्हणतं happy ८०. ती हसतेच आहे. पण डोळे भरलेत, आणि ती म्हणते तिच्या आजीच्या हातात अशाच पाटल्या होत्या.

एक जण कपाळाला आठ्या घालून पुढे झुकतो. यंत्र म्हणतं angry ३९. तो पडद्यावर आलेली छोटी अक्षरं वाचत होता. पुढच्याच क्षणी वाचून दाखवतो.

आणि एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. ट्रेलर सुरू व्हायच्या आधी 'नमस्कार मित्रांनो' म्हणताना सगळ्यांचं 'happy' सरासरी ५८ आहे. पूर्ण ट्रेलरमध्ये ते एवढं कधीच होत नाही.

माधवी_औंध
शाब्बास. हे डोळ्यांनी बघणं तुझ्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं काम आहे, ते परिशिष्टात ढकलू नकोस.

'नमस्कार मित्रांनो' वरचा ५८ फार महत्त्वाचा. तिथे ट्रेलर सुरूच नाही, तरी चेहरा सर्वांत आनंदी. कारण ते हसू कॅमेऱ्यापलीकडच्या माणसासाठी आहे. १९७९ मध्ये क्राउट आणि जॉन्स्टन यांनी बोलिंग खेळणाऱ्यांचं निरीक्षण केलं. चेंडूने चांगला नेम साधला तरी माणसं पिनांकडे बघताना फारशी हसत नव्हती, मित्रांकडे वळल्यावर हसत होती. १९९१ मध्ये फ्रिडलंडने लोकांना गमतीचा व्हिडिओ दाखवला. काही एकटे होते, काहींना सांगितलं की तुमचा मित्र दुसऱ्या खोलीत हाच व्हिडिओ बघतोय, काही मित्रासोबत बसले होते. मित्र जितका जवळ वाटेल तितकं हसू वाढलं. पण विचारल्यावर सगळ्यांनी आनंद साधारण सारखाच सांगितला. रिअॅक्शन व्हिडिओत तर मित्र म्हणजे हजारो प्रेक्षक, आणि माणूस त्यांच्यासाठीच बसलेला. त्याच्या चेहऱ्यातून बघण्याचा आणि दाखवण्याचा वाटा वेगळा काढायला तुझ्याकडे साधन नाही.

निखिल_बाणेर
ठीक आहे, सात खान्यांचा नाद सोडू. पण स्नायूंची हालचाल तरी मोजता येते ना? OpenFace भावनेचं नाव न देता भुवई, ओठ, गाल किती हलले ते देतं. ते तर खरं माप आहे.

माधवी_औंध
हो, हे तू अगदी योग्य सुचवलंस. एकमन आणि फ्रीसन यांनी १९७८ मध्ये चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देणारी जी पद्धत मांडली, तीच OpenFace वापरतं. कापलेल्या व्हिडिओवर हे चालव:

```
FeatureExtraction -f r07_crop.mp4 -aus -pose
```

CSV मध्ये `AU04_r` म्हणजे भुवया आकसण्याची तीव्रता ० ते ५, `AU12_r` म्हणजे ओठांचे कोपरे वर ओढले जाण्याची. `success` १ नसेल किंवा `confidence` कमी असेल त्या ओळी टाकून दे. निदान आठ्यांना 'राग' म्हणायची पाळी येणार नाही, 'भुवया आकसल्या' एवढंच लिहिशील. पण एक खड्डा इथेही आहे. माणूस बोलत असला की ओठ आणि जबडा बोलण्यासाठी हलतात, आणि ओठांभोवतीची सगळी मापं हलतात. रिअॅक्शन व्हिडिओत लोक सतत बोलतात. बोलण्याचे सेकंद वेगळे खुणावून ठेव.

आणि तुझा पहिला प्रश्न चाचणीचा होता. प्रत्येक माणसाचा आलेख वेगवेगळ्या मनमानी सेकंदांनी पुढे सरकव, शेवटून बाहेर पडलेला तुकडा सुरुवातीला जोड, मग सरासरी काढून सर्वांत उंच शिखर टिपून ठेव. असं हजार वेळा. सरकवल्यावर माणसांची एकमेकांशी असलेली जुळणी मोडते, त्यामुळे नुसत्या योगायोगाने किती उंच शिखर येतं ते कळतं. खरं शिखर त्या हजारांतल्या ९५० पेक्षा उंच नसेल तर त्याबद्दल काही लिहू नकोस.

फक्त हे लक्षात ठेव की तुझा आधीचा, आजीच्या चेहऱ्याचा खांब या चाचणीत पहिल्या नंबराने पास झाला असता. चाचणी 'जुळणी आहे का' एवढंच बघते. कशाची जुळणी, ते तिला दिसत नाही.

प्रकाशयोजना
माधवीताई, एक शंका. आपल्याकडे नाट्यशास्त्रात विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस असं म्हटलंय. डोळे भरणं, रोमांच, हे अनुभाव. म्हणजे आत काय चाललंय ते बाहेरच्या खुणांवरून कळतं हे भरताने मान्य केलंच ना? मग चेहरा वाचणं इतकं निरुपयोगी कसं?

माधवी_औंध
काका, माझं वाचन तुमच्याइतकं नाही, पण मला वाटतं ते अनुभाव नटाने रंगमंचावर करायचे आहेत, प्रेक्षकाला कळावेत म्हणून. विभाव, म्हणजे प्रसंग काय, समोर कोण, हेही सोबत लागतंच. नुसत्या अनुभावाने रस होतो असं तिथेही नाही. आणि आपण इथे नट नव्हे, प्रेक्षक वाचायला बसलोय.

प्रकाशयोजना
पण रिअॅक्शन व्हिडिओतला माणूस थोडा नटच आहे, हे तुम्हीच वर म्हणालात. मग त्याचे अनुभाव अनुभाव म्हणूनच का वाचू नयेत? 'याला काय वाटलं' ऐवजी 'याने काय दाखवलं' असा प्रकल्प का होऊ नये?

सायली_क
काका, हे मला फार आवडलं. यावर सरांशी बोलते.

OpenFace चं झालं. २९ व्हिडिओंतले बोलण्याचे सेकंद काढल्यावर १:०९ भोवती `AU12_r` थोडं खाली जातं आणि डोकी स्थिर होतात. सरकवण्याच्या चाचणीत `AU12_r` टिकलं नाही. डोकं स्थिर होणं टिकलं. म्हणजे काकांची शांतताच आली बहुतेक, पण तिला भावनेचं नाव द्यायचं नाही हे आता कळलंय.

आणखी एक. मी जे थांबवण्याचे तुकडे कापले होते ते परत जोडून बघितले. २९ पैकी ११ जणांनी आजीच्या प्रसंगानंतर दहा सेकंदांच्या आत ट्रेलर थांबवला. दुसऱ्या कुठल्याही प्रसंगाला चारपेक्षा जास्त जणांनी थांबवलेला नाही. मी तेच कापून टाकलं होतं.

वाक्य आता असं लिहिलंय: 'या २९ व्हिडिओंत १:०९ नंतर ट्रेलर थांबवण्याचं प्रमाण इतर प्रसंगांपेक्षा जास्त आढळलं आणि डोक्याची हालचाल कमी झाली. यावरून कोणती भावना झाली किंवा चित्रपट आवडेल का, हे सांगता येत नाही. हे व्हिडिओ स्वतःहून प्रसिद्ध करणाऱ्यांचे असल्याने सर्व प्रेक्षकांना लागू करता येत नाहीत.' सर म्हणतात, एवढं पुसट वाक्य परीक्षकांना आवडणार नाही.

निखिल_बाणेर
मला अजूनही वाटतं हेच २९ जण दुसऱ्या, साध्या ट्रेलरवर मोजलेस आणि तिथे डोकी स्थिर झाली नाहीत, तर 'प्रसंगामुळे झालं' असं म्हणता येईल. कारण तरी सिद्ध होईल.

माधवी_औंध
'या प्रसंगाशी निगडित आहे' इथपर्यंत येशील. पण त्या प्रसंगात संगीतही थांबतं असं सायलीने मला कळवलंय. डोकी आजीमुळे स्थिर झाली की आवाज गेल्यामुळे, हे वेगळं करायला तोच प्रसंग संगीतासह आणि संगीताविना दाखवावा लागेल, वेगवेगळ्या माणसांना. जमवलेल्या व्हिडिओंतून ते होणार नाही.

सायली, वाक्य बदलू नकोस. त्या ११ जणांनी थांबवल्यावर काय म्हटलं ते शब्दशः उतरवून काढ. आत काय चाललं होतं याबद्दल तुझ्याकडे सर्वांत थेट पुरावा तोच आहे, तोही कॅमेऱ्यापुढे बोललेला आहे हे धरून.

सायली_क
त्यांना आता मेसेज करून विचारू का, तेव्हा काय वाटलं होतं?

माधवी_औंध
चार महिने झालेत. आता ते स्वतःचा व्हिडिओ पुन्हा बघून सांगतील, आणि चेहऱ्यावरून स्वतःलाच ओळखायला जातील. मी टाळेन.

प्रकाशयोजना
मी विचारेन. माणसाला काय आठवतं तेही त्याचंच असतं.

वृंदा_सदाशिव
सायली, मी काल बाबांना तो ट्रेलर दाखवला. त्यांनी पुन्हा लाव म्हटलं, दोनदा. तुला यायचं असेल तर रविवारी दुपारी चारनंतर सदाशिव पेठेत घरी ये. कॅमेरा नको आणूस. ते बोलायला वेळ घेतात, जरा निवांत ये.

सायली_क
नक्की येते ताई. वही घेऊन येते.